हरवलेला फोन परत मिळाला, आता आभाराच्या चिठ्ठीत नेमकं काय लिहायचं?

हिंजवडी आयटी पार्कला लागून असलेल्या मारुंजीत हजारो लोक रोज शेअर रिक्षा, कॅब, बस किंवा दुचाकीवरून ये-जा करतात. गर्दीच्या वेळी फोन सीटच्या फटीत घसरतो, चहाच्या टपरीवर पाकीट राहतं, सोसायटीच्या गेटबाहेर खिशातून कार्डं पडतात. त्यातल्या काही वस्तू परतही मिळतात. रिक्षावाले दादा फोन आणून देतात, सिक्युरिटी गार्ड पाकीट जपून ठेवतो, डिलिव्हरी करणारा मुलगा पत्ता शोधत दारापर्यंत येतो.

त्या घाईत आपण "थँक यू दादा, खूप थँक यू" म्हणतो. नंतर व्हॉट्सॲपवर हात जोडल्याची एक इमोजी पाठवतो आणि विषय संपतो. आपल्यासाठी तो तिथे संपला तरी वस्तू परत करणाऱ्यासाठी संपलेला असतोच असं नाही.

कारण काही तास किंवा एक-दोन दिवस दुसऱ्याची किमती वस्तू त्याच्या ताब्यात होती. ती त्याच्याकडे कशी आली, त्याने ती कधी आणि कोणाला परत दिली, सगळं जसंच्या तसं होतं का, याचा कोणताही पुरावा त्याच्याकडे नसतो. म्हणून आभाराच्या चिठ्ठीला दोन कामं करावी लागतात. ती आभार मानते आणि पोचपावतीही देते. ही दोन्ही कामं पाच-सहा वाक्यांत कशी करायची, ते समजून घेऊ.

फोन परत करणाऱ्याला कसली काळजी असते?

सापडलेली वस्तू उचलणं हा गुन्हा नाही. मालकाला परत देण्यासाठी किंवा सांभाळून ठेवण्यासाठी ती उचलली असेल, तर कायदा त्या माणसाला दोषी मानत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७१ नुसार, दुसऱ्याची वस्तू सापडल्यावर जो ती ताब्यात घेतो, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्यासारखी जबाबदारी येते. म्हणजे सर्वसाधारण समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी त्याने त्या वस्तूची घ्यायची.

मालक कोण हे माहीत असताना, किंवा मालकाचा शोध घेण्याचा पुरेसा प्रयत्न न करता, ती वस्तू स्वतःसाठी वापरली तर मात्र तो गुन्हा ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये याची तरतूद आहे. त्याआधी हीच बाब भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ मध्ये होती.

कागदावर हा फरक स्पष्ट आहे. पण फोन ताब्यात असताना तो फरक दाखवायचा कसा? रात्री दहा वाजता अनोळखी फोन खिशात घेऊन घरी निघालेल्या रिक्षाचालकाला कोणी विचारलं, तर "उद्या परत देणार होतो" एवढंच तो सांगू शकतो. गार्ड, हाउसकीपिंगच्या मावशी किंवा डिलिव्हरी करणारा मुलगा यांच्या बाबतीत तर संशयावरून नोकरीही जाऊ शकते.

आता यात तांत्रिक भागही आला आहे. हरवलेला फोन केंद्र सरकारच्या ceir.gov.in या पोर्टलवरून ब्लॉक करता येतो. हीच सोय मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'संचार साथी'वरही मिळते. प्रत्येक फोनला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो आणि ब्लॉक होतो तो हा क्रमांक. त्यानंतर त्या फोनमध्ये कोणतंही सिम टाकलं, तरी त्याचा माग काढणारी माहिती तयार होते आणि ती पोलिसांपर्यंत पोहोचू शकते.

चोराला पकडण्यासाठी ही सोय चांगली आहे. पण कधी कधी भला माणूसही यात अडकू शकतो. बंद पडलेला फोन चार्ज करून, "बघू कोणाचा नंबर दिसतो का" म्हणून कोणी त्यात स्वतःचं सिम टाकलं, तर यंत्रणेला दिसतं ते त्याचं सिम. त्याचा हेतू यंत्रणेला दिसत नाही. फोन परत मिळाल्यावर मालकाने तक्रार आणि ब्लॉकची विनंती तशीच ठेवली, तर चौकशीचा फोन त्या माणसाला येऊ शकतो.

चिठ्ठीच्या आधी दहा मिनिटं कशासाठी द्यायची?

"सगळं मिळालं" हे वाक्य चिठ्ठीत सगळ्यात महत्त्वाचं आहे. ते खरं असायला हवं, म्हणून आधी तपासणी करायची. शक्य असेल तर ती त्या माणसासमोरच करावी. संशय म्हणून नाही, त्याच्याच सोयीसाठी. "दादा, तुमच्यासमोरच बघून घेते, म्हणजे तुम्हालाही नंतर कोणी विचारायला नको" असं म्हटलं की समोरच्याला वाईट वाटत नाही.

फोन असेल तर तो सुरू होतो का, सिम तेच आहे का आणि कव्हरमध्ये ठेवलेली कार्डं आहेत का, ते बघा. मग *#06# डायल करा. स्क्रीनवर आयएमईआय क्रमांक दिसेल. तो फोनच्या खोक्यावरच्या किंवा बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. फोन दोन सिमचा असेल तर दोन क्रमांक दिसतात.

पाकीट असेल तर रोख रक्कम, आधार, पॅन, लायसन्स, बँकेची कार्डं आणि कंपनीचं ओळखपत्र, हे एकेक करून बघा.

काही कमी असेल तर? पाकीट रस्त्यावर पडलं असेल, तर ते आपल्याला आणून देणाऱ्याच्या आधी दुसऱ्या कोणाच्या हातात गेलेलं असू शकतं. त्यामुळे आभाराच्या चिठ्ठीत "पाचशे रुपये कमी होते" असं लिहिणं अन्यायाचं ठरू शकतं. जे मिळालं तेवढ्याचीच नोंद करा. "पाकिटातली चारही कार्डं आणि लायसन्स मिळालं" हे वाक्य खरं आहे आणि ते कोणावर बोटही दाखवत नाही.

यानंतर पोर्टलवर जाऊन फोन अनब्लॉक करण्याची विनंती द्यायची. ब्लॉक करताना मिळालेला रिक्वेस्ट आयडी इथे लागतो. ज्या पोलीस ठाण्यात किंवा पोलिसांच्या वेबसाइटवर फोन गहाळ झाल्याची नोंद केली, तिथेही फोन मिळाल्याचं कळवायचं. मारुंजीचा परिसर पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो. हे काम झालं की मगच चिठ्ठीत "तक्रारीचं मी बघितलं आहे" असं लिहिता येतं.

एक उदाहरण घेऊ

समजा, मारुंजीतल्या एका सोसायटीत राहणारी तरुणी शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीच्या शिवाजी चौकातून शेअर रिक्षाने घरी आली. घरी पोहोचल्यावर फोन नसल्याचं तिच्या लक्षात आलं. रूममेटच्या फोनवरून तिने कॉल केला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही. तिने पोलिसांकडे ऑनलाइन नोंद केली आणि पोर्टलवर ब्लॉकची विनंती भरली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रूममेटने तिच्या वतीने मेसेज टाकला, "फोन चोरीला गेलाय, बहुतेक रिक्षात कोणीतरी काढला."

रात्री सव्वादहाला रिक्षाचालकाला सीटखाली उजेड दिसला. फोन लॉक होता, पण नेमका तेव्हाच तिच्या आईचा कॉल आला आणि त्याने तो उचलला. "ताई, काळजी करू नका, फोन माझ्याकडे आहे, सकाळी आणून देतो," असं त्याने सांगितलं. शनिवारी सकाळी साडेआठला, भर धंद्याच्या वेळी, तो सोसायटीच्या गेटवर फोन घेऊन आला. फोन दिला, पाणी प्यायला आणि निघाला. आईने रात्री त्याचा नंबर लिहून घेतला होता.

दुपारी तरुणी मेसेज लिहायला बसते. पहिला प्रयत्न साधारण असा असतो:

> "दादा खूप खूप धन्यवाद!! तुमच्यासारखी माणसं आजकाल बघायलाच मिळत नाहीत. गरीब असूनही तुम्ही इतका प्रामाणिकपणा दाखवलात. तुम्ही माझ्यासाठी देवमाणूस आहात. माझा खूप मोठा प्रॉब्लेम सुटला. थँक यू सो मच."

मनापासून लिहिलेला मेसेज आहे, यात शंका नाही. पण त्यात फोनचा उल्लेखच नाही. कधी मिळाला, कोणी दिला, हेही नाही. हाच मेसेज कोणालाही, कशासाठीही पाठवता येईल. उद्या कोणी त्या रिक्षाचालकाला "तो फोन तुझ्याकडे कसा होता?" असं विचारलं, तर हा मेसेज दाखवून त्याला काहीही सिद्ध करता येणार नाही.

आता दुसरा प्रयत्न बघा:

> "नमस्कार दादा. शुक्रवारी, १२ तारखेला संध्याकाळी तुमच्या रिक्षात राहिलेला माझा निळ्या कव्हरचा फोन तुम्ही शनिवारी सकाळी साडेआठ वाजता आमच्या गेटवर आणून दिलात. फोन, सिम आणि कव्हरमधलं एटीएम कार्ड, सगळं जसंच्या तसं मिळालं.
>
> रात्री आईचा कॉल तुम्ही उचललात आणि तिला धीर दिलात, म्हणून ती शांत झोपली. सकाळच्या फेऱ्या सोडून तुम्ही मारुंजीपर्यंत आलात, याची मला जाणीव आहे. माझ्या बाबांचे दवाखान्याचे सगळे रिपोर्ट या फोनमध्ये होते आणि सोमवारी ते डॉक्टरांना दाखवायचे आहेत.
>
> फोन मिळाल्याचं मी पोलिसांना कळवलंय. तुम्हाला कोणी काही विचारलं तर हा मेसेज दाखवा आणि मला लगेच फोन करा. मनापासून आभार."

खाली तिचं पूर्ण नाव. सोसायटीचं नाव लिहायचं की नाही, हे तिने ठरवावं. फ्लॅट नंबर लिहायची गरज नाही.

या मेसेजमध्ये नेमकं काय आहे?

पहिल्या दोन वाक्यांत पोच आहे. कोणती वस्तू, कधी राहिली, कधी आणि कुठे परत मिळाली आणि सगळं मिळालं का, हे त्यात येतं. "तुमच्या रिक्षात राहिलेला" हे शब्दही महत्त्वाचे आहेत. फोन "राहिला" म्हटलं की चूक आपल्याकडे येते. "गेला" किंवा "चोरीला गेला" म्हटलं की संशय दुसऱ्यावर जातो.

त्यानंतर त्याने नेमकं काय केलं, ते येतं. "तुम्ही प्रामाणिक आहात" असं प्रमाणपत्र इथे नाही. कॉल उचलणं, आईला धीर देणं, फेऱ्या सोडून येणं, या तीन गोष्टी नावानिशी सांगितल्या आहेत. त्या वाचताना त्याला कळतं की आपण घेतलेला त्रास समोरच्याने पाहिलाय.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये याच मुद्द्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी जोडीदार एकमेकांचे आभार कसे मानतात ते पाहिलं. आभारात दोन धागे असतात. एक, "मला काय फायदा झाला" आणि दुसरा, "तू काय केलंस." त्यातल्या दुसऱ्या धाग्याचा ऐकणाऱ्यावर चांगला परिणाम झालेला दिसला. पहिल्याचा तसा दिसला नाही. अभ्यास जोडप्यांचा होता, त्यामुळे तो अनोळखी माणसांना जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण वरच्या दोन मेसेजमधला फरक बघितला तर मुद्दा लक्षात येतो. पहिल्यात "माझा प्रॉब्लेम सुटला" आहे, दुसऱ्यात "तुम्ही फेऱ्या सोडून आलात" आहे.

मग बाबांच्या रिपोर्टचं वाक्य कशाला? ते एकच आहे आणि त्याचं कारण एका वेगळ्या प्रयोगात सापडतं.

पाकिटात किल्ली असली की काय होतं?

२०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात पाकिटांचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. संशोधकांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून जास्त पाकिटं वापरली. त्यात भारतही होता. प्रत्येक वेळी त्यांचा माणूस बँक, हॉटेल, पोस्ट किंवा सरकारी कार्यालयातल्या काउंटरवर जायचा, "हे बाहेर सापडलं, तुम्ही बघाल का?" म्हणायचा आणि पाकीट ठेवून निघून जायचा. पाकीट पारदर्शक होतं. आत मालकाचं नाव आणि ईमेल, किराणा सामानाची यादी आणि एक किल्ली होती. काही पाकिटांत थोडे पैसे होते, काहींत नव्हते.

अंदाज असा होता की पैसे असले की पाकीट परत यायचं प्रमाण कमी होईल. झालं उलट. बिनपैशांच्या पाकिटांबद्दल सुमारे ४० टक्के वेळा मालकाशी संपर्क झाला. पैसे असलेल्या पाकिटांबद्दल सुमारे ५१ टक्के वेळा. ४० पैकी ३८ देशांत कल हाच होता.

संशोधकांनी याची दोन कारणं दिली. एक म्हणजे मालकाची काळजी. दुसरं म्हणजे, आपण चोर आहोत असं स्वतःलाच वाटणं माणसाला सहन होत नाही. रक्कम वाढते तसा पाकीट ठेवून घेण्याचा मोह वाढतो, पण "मी चोर ठरेन" ही बोचणीही वाढते.

मालकाची काळजी खरंच असते का, हे तपासायला त्यांनी काही देशांत किल्ली काढून बघितली. किल्लीचा सापडणाऱ्याला काही उपयोग नसतो, ती मालकाच्याच कामाची असते. किल्ली असलेली पाकिटं जास्त परत आली. म्हणजे लोकांना "याचं काहीतरी अडलं असेल" ही काळजी होती.

बाबांचे रिपोर्ट म्हणजे त्या फोनमधली किल्ली. फोन परत करणाऱ्याने फोनची किंमत परत दिलीच, पण त्याच्या लक्षात नसलेली दुसरी एक गोष्टही वाचवली. ती त्याला सांगितली की त्याच्या फेरीचं फळ काय, ते त्याला कळतं. मात्र एकच उदाहरण पुरे. सगळ्या अडचणींची यादी दिली तर चिठ्ठी पुन्हा आपल्याबद्दलची होते.

"मी चोर ठरेन" ही बोचणी असेल तर तिच्यावरचं उत्तर म्हणजे पोचेचं वाक्य. "सगळं जसंच्या तसं मिळालं" हे वाचल्यावर त्याच्या मनातली शंका मिटते.

कोणते शब्द टाळायचे?

"गरीब असूनही" हा शब्दप्रयोग पहिला काढून टाका. त्याचा सरळ अर्थ, गरिबाकडून आम्ही चोरीचीच अपेक्षा केली होती, असा होतो. "एवढ्याशा पगारात", "साधा रिक्षावाला असून" हेही त्याच जातीचे शब्द आहेत.

"तुमच्यासारखी माणसं आता राहिलीच नाहीत" हे वाक्य कौतुकाचं वाटतं, पण त्यात त्याच्या सोबतच्या सगळ्या रिक्षाचालकांना नावं ठेवलेली असतात. तो दिवसभर त्याच माणसांबरोबर स्टँडवर असतो.

"देवमाणूस" हा शब्द मराठीत प्रेमानेच वापरला जातो. तोंडी म्हणताना तो छान वाटतो. लिहिताना मात्र तो तपशिलाची जागा खातो. तीन खऱ्या गोष्टी लिहिल्या की त्याची गरज उरत नाही.

संबोधनाचंही बघा. आपल्याहून लहान दिसणाऱ्या डिलिव्हरी बॉयलाही लिहिताना "तुम्ही"च म्हणा. दादा, काका, मावशी, ताई यातलं जे समोरासमोर म्हणालात, तेच लिहिताना ठेवा. बोलताना "काका" आणि चिठ्ठीत एकदम "आदरणीय महोदय" असं झालं की ते परकं वाटतं.

या पट्ट्यात काम करणारे बरेच जण उत्तर प्रदेश, बिहार किंवा इतर राज्यांतून आलेले असतात. परत करणाऱ्याला मराठी वाचता येत नसेल तर हिंदीत लिहा. वाचायची सवय नसेल तर आवाजी मेसेजमध्ये आभार माना, पण पोचेची दोन वाक्यं लेखी पाठवाच. पुरावा म्हणून उपयोगी पडतं ते लिहिलेलं.

पैसे द्यायचे का आणि ते चिठ्ठीत लिहायचं का?

इथे कायदा थोडा वेगळा आहे. करार कायद्याच्या कलम १६८ नुसार, वस्तू सांभाळण्यात आणि मालक शोधण्यात आपणहून घेतलेल्या त्रासाच्या आणि खर्चाच्या भरपाईसाठी परत करणारा माणूस मालकावर दावा करू शकत नाही. पण ती भरपाई मिळेपर्यंत तो वस्तू स्वतःकडे ठेवू शकतो. आणि मालकाने आधीच ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल, तर त्या बक्षिसासाठी तो दावाही करू शकतो.

म्हणजे ग्रुपवर "आणून देणाऱ्याला २,००० रुपये बक्षीस" असं लिहिलं असेल, तर तेवढे पैसे देणं हा मोठेपणा नसतो. तो दिलेला शब्द असतो. त्याने ग्रुपवरचा मेसेज वाचला नसेल, त्याला माहीतच नसेल, तरी आपण होऊन द्यावेत.

बक्षीस जाहीर केलं नसेल तर त्याचा प्रत्यक्ष खर्च किती झाला असेल, त्याचा विचार करा. पेट्रोल किंवा गॅस, बुडालेल्या फेऱ्या, कॉल. ते पैसे समोर असताना द्यावेत आणि देताना कारण सांगावं. "दादा, सकाळच्या फेऱ्यांचं भाडं तरी घ्या" असं म्हटलं की घेणाऱ्याला ते हक्काचं वाटतं. "हे चहापाण्याला ठेवा" म्हटलं तर अडचण होते, कारण आपल्याकडे चहापाणी या शब्दाला लाचेचा वास आहे. "बक्षिसी" म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली जातो.

त्याने नको म्हटलं तर एकदा आग्रह करा, दुसऱ्यांदा नको. चिठ्ठीत रकमेचा आकडा लिहू नका. "फोन मिळाला, ५०० रुपये दिले" असं वाचलं की सगळा व्यवहार विकत घेतल्यासारखा दिसतो.

गार्डने पाकीट दिलं असेल तर?

पाकिटाची चिठ्ठी फोनपेक्षा छोटी असते, कारण ब्लॉक-अनब्लॉकचा भाग नसतो. बँकेचं कार्ड बंद केलं असेल तर ते आपलं आपण बघायचं, त्याबद्दल गार्डला सांगायची गरज नाही. आधार, पॅन किंवा कार्डचे क्रमांक चिठ्ठीत कधीही लिहू नका. मेसेज फिरत कुठे जाईल, सांगता येत नाही.

> "काका, नमस्कार. रविवारी रात्री पार्किंगमध्ये पडलेलं माझं तपकिरी पाकीट तुम्ही जपून ठेवलंत आणि सोमवारी सकाळी माझ्या हातात दिलंत. पैसे, लायसन्स आणि तिन्ही कार्डं मिळाली. ड्युटी संपल्यावरही तुम्ही माझ्यासाठी अर्धा तास थांबलात, हे मला नंतर कळलं. लायसन्स गेलं असतं तर मला गावी गाडी नेता आली नसती. फार उपकार झाले."

गार्ड बहुतेकदा सोसायटीचा नोकर नसतो, एजन्सीचा असतो. त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर झालेलं कौतुक त्याच्या सुपरवायझरपर्यंत पोहोचेलच असं नाही. त्याला उपयोग व्हावा असं वाटत असेल तर याच चिठ्ठीची एक प्रत कागदावर, तारीख आणि सहीसह, एजन्सीच्या नावे द्या. पण आधी त्याला विचारा. वस्तू सापडल्यावर ती लगेच ऑफिसात जमा करावी असा काही ठिकाणी नियम असतो. त्याने मालक ओळखून ती स्वतःकडे ठेवली असेल, तर कौतुकाच्या पत्रामुळे त्याच्यावरच प्रश्न येऊ शकतो. तो "नको" म्हणाला तर पत्र त्याच्याच हातात द्या. पुढे गरज पडली तर तो ते वापरेल.

फोटो टाकून पोस्ट करायची का?

विचारून. गेटवर उभं करून काढलेला सेल्फी, त्याच्या रिक्षाचा नंबर, मोबाइल नंबर आणि "यांना सगळ्यांनी फोन करून शाबासकी द्या" अशी पोस्ट, हे सगळं चांगल्या भावनेने होतं. पण त्यानंतर त्याला अनोळखी कॉल येत राहतात. काहींना आपण कुठे काम करतो हे सगळ्यांना कळायला नको असतं. फोटोला तो संकोचाने "हो" म्हणू शकतो, म्हणून फोन हातात देतानाच्या क्षणी विचारण्यापेक्षा नंतर मेसेजवर विचारणं बरं. तिथे "नको" म्हणणं सोपं जातं.

एक पोस्ट मात्र न विचारता करायला हवी. वरच्या उदाहरणात शुक्रवारी रात्री ग्रुपवर "चोरीला गेलाय, रिक्षात कोणीतरी काढला" असा मेसेज गेला होता. तो डिलीट करून भागत नाही, कारण लोकांनी तो वाचलेला असतो. त्याच ग्रुपवर, तितक्याच ठळकपणे, दुसरा मेसेज टाकायचा:

> "काल चोरीला गेला असं लिहिलेला फोन चोरीला गेला नव्हता. तो माझ्याकडूनच रिक्षात राहिला होता. रिक्षाचालक दादांनी आज सकाळी स्वतः येऊन दिला. कालचा मेसेज कोणी पुढे पाठवला असेल तर हाही पाठवा."

यात नाव, फोटो, नंबर काहीही नाही. तरीही त्या स्टँडवरच्या प्रत्येकावर आलेला संशय यामुळे दूर होतो.

उशीर झाला असेल तर?

आठ-पंधरा दिवस उलटले की "आता काय लिहायचं, विचित्र वाटेल" असं वाटून चिठ्ठी राहून जाते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये याच संकोचाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांना त्यांनी विचारलं, की वाचणाऱ्याला कसं वाटेल? मग वाचणाऱ्यांनाही विचारलं. वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल हा लिहिणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला आणि त्याला होणाऱ्या आनंदाचा अंदाज कमी. शब्द जमतील का याची काळजी लिहिणाऱ्यांनाच जास्त होती. वाचणाऱ्यांनी पत्रातली आपुलकी पाहिली.

त्यामुळे उशिराबद्दल लांबलचक माफी नको. "दादा, त्या दिवशी घाईत नीट बोलता आलं नाही" एवढं पुरे, आणि पुढे तीच वाक्यं लिहा: काय मिळालं, कधी मिळालं, तुम्ही काय केलंत. नंबर नसेल तर रिक्षा स्टँडवर किंवा गेटवर कागदाची चिठ्ठी देता येते. कागदावर तारीख आणि सही करायला विसरू नका. व्हॉट्सॲपवर तारीख आपोआप येते, कागदावर ती आपल्यालाच लिहावी लागते.